दहा महिन्यांनंतर: रजेचे ऑटो-रिप्लाय वाचणारे साधन आणि 09/06 ची गोष्ट

आमची कंपनी पुण्यात भोसरीला आहे. कारखान्यांतील मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा गुणवत्ता विभागाचा प्रमुख. त्यांतले निम्मे चाकण, वाळूज, नाशिक परिसरातले आणि निम्मे इंग्लंडमधले. मार्च 2025 मध्ये आम्ही ई-मेल सिक्वेन्सचे, म्हणजे ठरलेल्या अंतराने एकामागून एक मेल आपोआप पाठवणारे, एक साधन घेतले. त्याचे नाव देत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. ते घेण्यामागे एकच आकर्षण होते: समोरच्याचा रजेचा ऑटो-रिप्लाय आला की ते स्वतःच पुढचा मेल थांबवते, परतीची तारीख वाचून तेव्हा पुन्हा सुरू करते आणि माणसाने नोकरी बदलली की कळवते. दोन जणांसाठी महिना बारा हजार चारशे रुपये मोजताना मी हाच हिशेब मांडला होता की एक ऑर्डर जरी यामुळे वाचली, तरी वर्षाचे पैसे वसूल होतील.

पहिल्याच तिमाहीत यामुळे एक ऑर्डर गेली. 27 मे रोजी, म्हणजे इंग्लंडमधली बँक हॉलिडे संपल्यावर दुसऱ्या दिवशी, मिडलँड्समधल्या एका कारखान्याच्या गुणवत्ता प्रमुखांना आमचा तिसरा मेल गेला. आधीच्या दोन मेलना त्यांनी स्वतः उत्तरे दिली होती आणि किंमत मागितली होती. तिसऱ्याला ऑटो-रिप्लाय आला: सुट्टीवर आहे, 09/06 ला परत येईन. साधनाने पडद्यावर हिरवी खूण दाखवून सिक्वेन्स थांबवला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी थांबलेल्यांची यादी सहज चाळली, तेव्हा या गृहस्थांच्या नावापुढे पुन्हा सुरू होण्याची तारीख 6 सप्टेंबर दिसली. ते 9 जूनलाच कामावर रुजू झाले होते. फोन केला तेव्हा त्यांनी सौजन्याने सांगितले की दोन आठवडे वाट पाहून जूनअखेर त्यांनी दुसऱ्याला ऑर्डर दिली, कारण आम्हालाच रस उरला नाही असा त्यांचा समज झाला होता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तारखांखेरीज दुसरे काही नाही, हे मान्य करतो. ज्या तारखेत दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असतात आणि दोन्ही आकडे वेगळे असतात, ती तारीख दिवस आधी लिहिणाऱ्या ब्रिटिश आणि महिना आधी लिहिणाऱ्या अमेरिकी पद्धतीने दोन वेगळ्या दिवसांची निघते. बारा महिने गुणिले बारा दिवस, वजा दोन्ही आकडे सारखे असलेले बारा दिवस, असे वर्षातले 132 दिवस या घोळात येतात. तिसाव्या तारखेला परत येणारा माणूस वाचतो. नवव्या तारखेला परत येणारा अडकतो. साधन दोन्हींपुढे तीच हिरवी खूण दाखवते आणि ‘मला खात्री नाही’ असे कुठेही म्हणत नाही, यावर माझा राग आहे.

सेवा विभागाशी तीन आठवडे पत्रव्यवहार झाल्यावर कळले की आमच्या खात्याची भाषा ‘इंग्रजी, अमेरिका’ अशी नोंदलेली होती. हे आमच्याच बाजूने राहिले होते, म्हणून मी तोवर लिहिलेली कडक भाषा मनातल्या मनात मागे घेतली आणि सेटिंग बदलले. ब्रिटिश तारखा सुधारल्या. मग ऑगस्टमध्ये आमच्या यादीतल्या मोजक्या अमेरिकी लोकांपैकी एकाचा 08/11 असा ऑटो-रिप्लाय आला आणि साधनाने तो सिक्वेन्स 8 नोव्हेंबरपर्यंत बाजूला ठेवला. म्हणजे दोष सेटिंगमध्ये होता तितकाच एका खात्याला एकच तारीखपद्धत देण्यात होता.

यावर आम्ही हाताने जो नियम लावला, तो सांगण्यासारखा आहे. संदिग्ध तारीख आली की दोन्ही अर्थ लिहायचे आणि ते कोणत्या वारी पडतात ते पाहायचे. 9 जून 2025 ला सोमवार होता, 6 सप्टेंबरला शनिवार. 11 ऑगस्टला सोमवार, 8 नोव्हेंबरला शनिवार. ऑफिसातला माणूस रजेवरून शनिवारी परत येत नाही, त्यामुळे निकाल लगेच लागतो. दोन्ही दिवस कामाचे निघाले, तर मेल पाठवल्यापासून जवळची तारीख धरायची, कारण दोन आठवड्यांची सुट्टी सर्वसाधारण आहे आणि तीन महिन्यांची नाही. तरीही शंका उरली, तर माणसाने मूळ मजकूर वाचायचा. त्यात बहुधा देश किंवा वार कुठेतरी सापडतो. शिवाय ‘14 पर्यंत रजेवर’ आणि ‘14 ला परत’ यांत एका दिवसाचा फरक आहे, आणि तो 14 तारीख शुक्रवारी असली तर तीन दिवसांचा होतो.

वर्ष न लिहिलेल्या तारखांचा आणखी एक प्रकार डिसेंबरमध्ये दिसला. 22 डिसेंबरला आलेल्या उत्तरात ‘5 जानेवारीला भेटू’ असे होते. साधनाने चालू वर्ष धरले, 5 जानेवारी 2025 केव्हाच उलटून गेली आहे असा निष्कर्ष काढला आणि 24 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, पुढचा मेल पाठवून दिला.

परतीची तारीख अचूक मिळाली, तरी त्याच दिवशी मेल पाठवू नये, असे माझे मत आता पक्के झाले आहे. परतलेला माणूस पहिल्या दिवशी साठलेले मेल ओळखीच्या नावांपुरते वाचतो आणि बाकीचे झाडून टाकतो. आम्ही कामाचा तिसरा दिवस धरतो. सोमवारी परतला तर बुधवारी. रजेचा उल्लेख मेलमध्ये करत नाही. ‘सुट्टी छान गेली असेल’ हे वाक्य अनोळखी विक्रेत्याने लिहिले की पाळत ठेवल्यासारखे वाटते.

आता ऑटो-रिप्लाय ओळखण्याविषयी. साधन शब्द शोधते आणि तिथे ते फसते. नाशिकच्या एका मॅनेजरनी स्वतः टाइप करून उत्तर दिले होते की, ‘मी गुरुवारपर्यंत रजेवर आहे, तोवर किंमतपत्रक पाठवून ठेवा.’ हे सरळ मागणीचे पत्र होते. साधनाला ‘रजेवर’ हा शब्द दिसला आणि त्याने सिक्वेन्स थांबवून मेल बाजूच्या फोल्डरमध्ये टाकला. खरा ऑटो-रिप्लाय मजकुरापेक्षा मेलच्या हेडरमध्ये ओळखू येतो. मूळ संदेश उघडला की साधारण अशा ओळी दिसतात:

```
Auto-Submitted: auto-replied
X-Auto-Response-Suppress: All
```

पहिल्या ओळीत कधी `auto-generated` असते. ती ओळ हजर असेल आणि तिच्यात `no` लिहिलेले नसेल, तर उत्तर यंत्राने दिले आहे. ओळच नसेल, तर माणसाने लिहिले असण्याची शक्यता धरून ते वाचावे. सगळे सर्व्हर ही ओळ लावत नाहीत, म्हणून हेडर आधी आणि शब्द नंतर, असा क्रम हवा.

याच ठिकाणी माझे एक चुकीचे गृहीतकही सुटले. दुसऱ्या मेलला ऑटो-रिप्लाय आला आणि तिसऱ्याला आला नाही, म्हणजे माणूस परतला, असे मी समजत असे. वस्तुतः आउटलुक-एक्स्चेंजचा ऑटो-रिप्लाय एका रजेत एका पाठवणाऱ्याला एकदाच जातो, आणि जीमेलचा त्याच माणसाला साधारण चार दिवसांतून एकदा. दुसऱ्यांदा उत्तर न येणे हा परतल्याचा पुरावा नाही.

प्रसूती रजेच्या उत्तरांत बहुधा तारीख नसते. साधन तारीख न सापडल्यास सात दिवस थांबते आणि पुन्हा पाठवते, म्हणजे इंग्लंडमध्ये 52 आठवड्यांपर्यंत चालू शकणाऱ्या रजेवरच्या बाईंना आमचा सिक्वेन्स दर आठवड्याला आठवण करून देत होता. भारतात ही रजा 26 आठवड्यांपर्यंत असते. अशा उत्तरावर आम्ही त्या व्यक्तीला यादीतून काढतो आणि त्या जागी काम पाहणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे शोधतो. ‘तातडीचे असल्यास यांना लिहा’ म्हणून दिलेले नाव आपोआप सिक्वेन्समध्ये घालत नाही, कारण आमचे विक्रीचे काम त्यांच्या लेखी तातडीचे नसते. काही जण तिथे खासगी मोबाइल क्रमांक देतात. तो आम्ही नोंदवून ठेवत नाही.

नोकरीबदलाच्या सूचनांबद्दल मी हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा वाईटच लिहिणार होतो. कारण ऑक्टोबरमध्ये साधनाने एका गृहस्थांना ‘नव्या पदाबद्दल अभिनंदन’ असा मेल तयार करून पाठवला आणि त्यांचे नवे पद लिंक्डइनवर ‘करिअर ब्रेक’ असे होते. त्यांनी एका ओळीत उत्तर दिले: ‘वडील आजारी आहेत, म्हणून नोकरी सोडली.’ मी फोन करून माफी मागितली आणि तो तयार मजकूर कायमचा बंद केला. साधनाला प्रोफाइलमध्ये नवी नोंद दिसली की ती नोकरीच वाटते. एका कॉलेजात पाहुणे व्याख्याते झालेल्यांचेही असेच झाले होते.

पण याच सुविधेने एक चांगले कामही केले. चाकणच्या कारखान्यात आमचे सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या एका मॅडमना पाठवलेला मेल नोव्हेंबरमध्ये `550 5.1.1` या, म्हणजे असा पत्ता इथे नाही असे सांगणाऱ्या, खुणेसह परत आला. एवढ्यावरून माणूस गेला असे म्हणता येत नाही. कंपनीने मेलचे पत्ते बदलले तरी हीच खूण येते. मात्र त्याच कंपनीतल्या इतर दोघांना मेल पोहोचत होते आणि आठवड्याने प्रोफाइलवर वाळूजच्या कारखान्याचे नाव दिसले. दोन स्वतंत्र खुणा जुळल्यावर आम्ही एका घटनेची दोन कामे केली. चाकणला, जिथे आमचे ग्राहक होतेच, त्यांच्या जागी आलेल्यांना मी प्रत्यक्ष जाऊन भेटलो, कारण सॉफ्टवेअर माहीत असलेली व्यक्ती गेली की नूतनीकरण धोक्यात येते. वाळूजला मात्र सहा आठवडे काहीच पाठवले नाही; नव्या जागी पहिला महिना माणसे आणि कागदपत्रे समजून घेण्यात जातो आणि खर्चाचा अधिकार हाती यायला वेळ लागतो. मग जुन्या मेलच्या साखळीत न लिहिता नवा, चार ओळींचा मेल पाठवला आणि जुन्या कंपनीचा दर किंवा आकडा त्यात येऊ दिला नाही. जानेवारीत त्यांनीच डेमो मागितला. गमावलेल्या ऑर्डरपेक्षा ही मोठी होईल असे दिसते, म्हणून पैसे वाया गेले हे वाक्य मी खोडले आहे.

नूतनीकरण केले, पण दोनऐवजी एका जणाचे. आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद ठेवली आहे. साधनाने फक्त थांबवायचे, आणि परतीची तारीख आमच्या शीटमध्ये वारासह हाताने भरायची. यात दिवसाची दहा मिनिटे जातात. तारखेबद्दल खात्री नसेल तर तसे दाखवावे, ही मागणी मी 28 जानेवारीला सेवा विभागाच्या त्या अधिकाऱ्यांना लेखी पाठवली. लगेच ऑटो-रिप्लाय आला की ते रजेवर आहेत आणि 03/02 ला परततील. मी दोन्ही वार पाहिले. 3 फेब्रुवारीला मंगळवार आहे आणि 2 मार्चला सोमवार.