संचालक मंडळाचं प्रेझेंटेशन तपासायला पॉवरपॉइंटचा Outline View: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत बैठकीच्या स्लाइड्स शेवटी माझ्या टेबलावर येतात. शाखा आपापल्या स्लाइड पाठवतात, त्यामुळे प्रत्येकाची भाषा वेगळी. View मध्ये जाऊन Outline View लावला की डावीकडच्या पट्टीत रंग, चित्रं गळून पडतात आणि नुसता मजकूर एकाखाली एक दिसतो. Collapse All केलं की फक्त शीर्षकं उरतात. ती सलग वाचून बैठकीचा विषय कळला नाही, तर शीर्षकं बदलायची. हे काम फार सोपं झालं.

खरा फायदा तुटक वाक्यांत. मागच्या बैठकीच्या एका स्लाइडवर ओळी अशा होत्या: ‘वसुली पथक नेमले’, ‘दोन शाखांचे नूतनीकरण’, ‘थकबाकीदारांना मुदतवाढ देण्याचा निर्णय.’ स्लाइडवर तुटक लिहायला हरकत नाही, पण तिसरी ओळ काय सांगते? निर्णय झालाय की मंडळाने घ्यायचाय? इतिवृत्त लिहिणारा यातलं काहीही लिहू शकतो. नूतनीकरणाचंही तेच. म्हणून आता झालेल्या कामांच्या ओळी ‘नेमले’, ‘पूर्ण केले’ अशा क्रियापदावर संपवतो आणि मंजुरीचे विषय ‘मंजुरीसाठी’ या वेगळ्या शीर्षकाखाली नेतो. पूर्णविराम सगळ्या ओळींना, नाहीतर एकालाही नाही. आउटलाइनमध्ये ही विसंगती लगेच डोळ्यात खुपते.

आता खोट. इथे फक्त लेआउटच्या ठरलेल्या चौकटींतला मजकूर दिसतो. कोणी सगळंच वेगळा टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलं असेल, तर आउटलाइनमध्ये ती स्लाइड रिकामी दिसते. रिकामी स्लाइड दिसली की मूळ स्लाइड उघडायचीच. चार्टमधलं तर काहीच दिसत नाही, आणि F7 दाबून होणारी स्पेलिंग तपासणीही चार्टमध्ये शिरत नाही.

त्यामुळे चार्ट हातानेच. त्याच बैठकीत ठेवींच्या चार्टवर ४,८६० आकडा आणि अक्षावर ‘₹ कोटी’ होतं. शेजारच्या ओळीत ४८.६ कोटी. एक्सेलमधले आकडे लाखांत होते, लेबल जुन्या चार्टचं राहिलं होतं. वाचताना मी आकडा आणि एकक एकत्र मोठ्याने म्हणतो. ‘चार हजार आठशे साठ कोटी’ म्हटलं की आमच्या संस्थेचा आवाका माहीत असलेला कोणीही थबकेल. त्याखाली ‘एनपीए १.५ टक्क्यांनी घटला’ असं होतं. एनपीए ६ टक्क्यांवरून ४.५ वर आला होता, म्हणजे मूळ प्रमाणाच्या हिशेबाने घट २५ टक्के. कोणता टक्का, यावर खजिनदार हटकून अडतात. मी थेट ‘६ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर’ असं लिहून टाकतो.

मजकूर जास्त असलेल्या डेकसाठी हा व्ह्यू जरूर वापरा. सगळं चार्टांवरच असेल तर त्यात वेळ घालवू नका, सरळ प्रिंट काढून पेन घ्या.