पिवळी पाटी म्हणजे परमिट नव्हे: ॲपवर लावायला जुनी गाडी घेताना माझी झालेली फसवणूक

ॲपवर टॅक्सी म्हणून लावायला जुनी टी परमिट गाडी शोधायला लागलात की ‘रेडी गाडी’ हा शब्द हमखास कानावर येतो. पाटी पिवळी आहे, परमिट आहे, फिटनेस आहे, फक्त नाव बदला आणि लगेच भाडी मारायला लागा. असंच सांगून मला पाच वर्षं जुनी सीएनजी सेदान विकण्यात आली. त्यातली पिवळी पाटी तेवढी खरी निघाली. बाकीचं कसं रचलं होतं ते सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रकार दुसऱ्या कुणाबरोबर होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा घोळ परमिटचा. डीलरने परमिटची झेरॉक्स दाखवली. नंबर याच गाडीचा, मुदत शिल्लक, शिक्का बरोबर. कागद बनावट नव्हताच. तो शिळा होता. परमिट गाडीला नव्हे, मालकाला दिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 82 प्रमाणे परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आणि कलम 83 प्रमाणे मालक परवानगी घेऊन त्याच परमिटवर जुन्या गाडीच्या जागी दुसरी गाडी लावू शकतो. जुन्या मालकाने नेमकं तेच केलं होतं. परमिट त्याच्या नव्या गाडीवर गेलं, आणि माझ्या वाट्याला आली पिवळ्या पाटीची, पण प्रवासी नेण्याचा हक्क नसलेली गाडी. हे कळलं कधी, तर गाडी नावावर करायला आरटीओत गेलो तेव्हा. तोवर पैसे पूर्ण दिलेले होते.

फिटनेसचं त्याहून वाईट. टॅक्सीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. माझ्या हातात दिलेल्या प्रिंटवर पुढच्या वर्षीची तारीख होती; सरकारी नोंदीत मुदत कधीच संपलेली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की दिवस आणि महिना तोच आहे, फक्त साल बदललंय, आणि त्या सालाचे आकडे बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड आहेत. फिटनेस संपला म्हणजे नुसता दंड भरून सुटलो, असं नसतं. कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेली व्यावसायिक गाडी कायद्याच्या नजरेत वैध नोंदणी नसलेलीच धरली जाते.

यावर डीलरचा सल्ला काय, तर “नवीन परमिट येईपर्यंत ओळखीची भाडी मारा हो, कोण विचारतंय?” कृपा करून असलं कुणाचं ऐकू नका. विनापरमिट प्रवासी नेणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला कलम 192अ लागतं. वर अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती दावा लढवायला आयतं कारण मिळतं. गाडीत बसलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तिथे.

म्हणून टोकन देण्याआधी परिवहन सेवेच्या parivahan.gov.in या साइटवर किंवा mParivahan ॲपवर गाडीचा नंबर स्वतः टाका. दुसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही. मलाही स्क्रीनशॉटच पाठवला होता. गाडीचा वर्ग Motor Cab आहे की Motor Car, फिटनेस, टॅक्स आणि विमा कधीपर्यंत, इंधनात सीएनजीची नोंद आहे का, पहिली नोंदणी कधीची, हे सगळं बघा. पहिल्या नोंदणीची तारीख महत्त्वाची, कारण ॲपवाल्यांची वयोमर्यादा तिथून मोजतात, आरसीचं नवीन कार्ड छापल्यापासून नाही. आणि परमिटबद्दल जुन्या मालकाला स्वतः फोन करून सरळ विचारा की ते सरेंडर केलंय, दुसऱ्या गाडीवर घेतलंय, की हस्तांतराला तो सही देणार आहे.

आता मीटर. रीडिंग ब्याऐंशी हजार होतं. पाच वर्षं टॅक्सीत चाललेल्या गाडीला हा आकडा बसतच नाही. दिवसाला दोनशे किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तरी एका वर्षात साठ हजार होतात. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून इतिहास काढला, तर दोन वर्षांपूर्वीचीच नोंद एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांची निघाली. डीलर तो इतिहास देत नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

याचा फटका रोजच्या खर्चाला बसतो. मला किलोला सव्वीसचं ॲव्हरेज सांगितलं होतं. शहरात एसी लावून प्रत्यक्षात सतरा मिळालं. दोनशे किलोमीटरला साडेसात-आठ किलोऐवजी जवळजवळ बारा किलो गॅस. साठ लिटरच्या टाकीत साधारण आठ-नऊ किलोच मावतो, म्हणजे रोज दोनदा पंपाची रांग, आणि त्या वेळात भाडं नाही. मेकॅनिकने कॉम्प्रेशन तपासलं तर दोन सिलिंडर कमी दाखवत होते. सीएनजीवर फार चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजतात आणि दाब गळतो. ट्रायलला गाडी पेट्रोलवर फिरवली की हे सहज झाकलं जातं. ॲव्हरेज बघायचं तर एका पंपावर गॅस फुल करा, एसी लावून गर्दीत फिरवा, परत त्याच पंपावर भरा आणि किलोमीटरला भरलेल्या किलोंनी भागा. पंपाचा दाब कमीजास्त असतो, म्हणून पंप तोच हवा. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. तिची तारीख टाकीवरच्या प्लेटशी जुळवून बघा.

टॅक्सीचं खरं वय मागच्या सीटवर कळतं, आणि ती बहुतेक कुणी तपासतच नाही. घरची गाडी ड्रायव्हरच्या बाजूने झिजते, टॅक्सी मागच्या डाव्या दाराने. माझ्या गाडीला नवीन सीट कव्हर होते. ते काढले तर डाव्या बाजूचा स्पंज बसलेला, बेल्टचं बक्कल कव्हरखाली दाबून टाकलेलं, दाराच्या उंबऱ्याचा रंग पत्र्यापर्यंत घासलेला. तीन माणसं मागे बसवली की स्पीडब्रेकरवर खालून आपटायची, आणि दुपारी मागे एसी पोचायचा नाही. प्रवाशाला त्रास झाला की रेटिंग पडतं, आणि रेटिंग पडलं की कामावर परिणाम होतो. ट्रायलला तीन जणांना मागे बसवून, दुपारच्या उन्हात, अर्धा तास तरी गाडी फिरवा आणि मागच्यांना विचारा.

पैसे परत मागितल्यावर डीलर म्हणाला, “तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्हाला ग्राहक म्हणता येत नाही.” हे अर्धवट आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’तून वगळलेली आहे. एकच गाडी स्वतः चालवणारा माणूस या आधारावर ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मी तसा अर्ज केलाय, आणि बदललेल्या सालाच्या कागदाबद्दल पोलिसांत वेगळी तक्रार दिली आहे. दोन्हीकडे उपयोगी पडतायत ते जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट, बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद आणि सर्व्हिस सेंटरचा छापील इतिहास. टोकनच्या पावतीवर मात्र ‘परमिट व फिटनेस वैध नसल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ आणि त्याखाली डीलरची सही नाही, आणि त्याचा वकील सध्या याच एका गोष्टीवर अडून बसलाय.