चार मोठ्या लिफ्ट की पाच छोट्या?

ग्राउंडच्या वर १४ मजले, दोन मजल्यांत ४ मीटर अंतर, मजल्याला सत्तरेक माणसं, म्हणजे एकूण ९८०. पुण्यातल्या आमच्या ऑफिसच्या इमारतीसाठी छाननीत दोनच पर्याय उरले: २० जणांच्या चार लिफ्ट किंवा १३ जणांच्या पाच. वेग दोन्हीकडे सेकंदाला २.५ मीटर.

पाच मिनिटांत किती लोक वर जातात, यावर निवड होत नाही. मोठ्या लिफ्टमध्ये १६ आणि छोटीत १० माणसं चढतात असं धरलं तर चार लिफ्ट ११६ जणांना नेतात, पाच लिफ्ट ११४ जणांना.

खरी गंमत थांब्यांची आहे. सोळा जण चढले की लिफ्ट सरासरी दहाएक मजल्यांवर थांबते, दहा जण असले की सातएक. एका थांब्याला, दार उघडण्या-मिटण्यासकट, आठ-साडेआठ सेकंद जादा जातात. त्यामुळे मोठी लिफ्ट परत ग्राउंडला यायला साधारण १६५ सेकंद घेते, छोटी १३२. लॉबीत चारांपैकी एक लिफ्ट दर ४१ सेकंदांनी येते, पाचांपैकी एक दर २६ सेकंदांनी.

त्यातही हिशेबात चढायला एक आणि उतरायला एक सेकंद धरतात. मोठ्या लिफ्टच्या इमारतीत मी बरेच दिवस काम केलंय. पाचव्या मजल्याचा माणूस हमखास मागच्या भिंतीला टेकलेला असतो. त्याच्यासाठी पुढचे चौघं पाठीवरच्या बॅगा सांभाळत बाहेर येतात, तो उतरतो, चौघं परत आत शिरतात, तोवर दार मिटू लागतं, कोणीतरी हात घालतं आणि दार पुन्हा उघडतं. हे मी मोजलेलं नाही, पण एक सेकंद नक्कीच नव्हे. माझा कौल तिथेच ठरला.

विक्रेते ३.५ मीटरचा वेग सुचवतील. चार मीटरच्या एका टप्प्यात लिफ्टला २.५ चा वेगसुद्धा गाठता येत नाही, त्यामुळे मोठ्या लिफ्टच्या १६५ मधले सात-आठ सेकंदच वाचतात. पैसे कमी पडले तर मी उलट पाच लिफ्ट ठेवून वेग १.७५ वर आणेन. मग लॉबीत लिफ्ट २९ सेकंदांनी येईल, पाच मिनिटांत दहाएक माणसं कमी जातील.

चार लिफ्टच्या बाजूनेही बोलायला हवं. पाचवा शाफ्ट प्रत्येक मजल्यावर जागा अडवतो, शिवाय एक मशीन आणि पंधरा दारं जास्त, म्हणजे एएमसीही जास्त. भाड्याची जागा इंच-इंच मोजणाऱ्या मालकाला ते पटणं कठीण. पण एक लिफ्ट दुरुस्तीला गेली की चारांच्या तीन उरतात आणि लॉबीतलं अंतर ५५ सेकंदांवर जातं. पाचांच्या चार उरल्या तर ३३ वर.

सगळ्यांचं पंचिंग एकाच वेळी असेल आणि पाच मिनिटांत १३-१४ टक्के लोक येत असतील, तर मात्र पाचही कमी पडतील. तिथे १३ जणांची सहावी लिफ्ट घ्यावी.