एसीचा फिल्टर: पंधरवड्याला धुवावा की महिन्याला?

स्प्लिट एसीच्या पुस्तिकांमध्ये बहुतेक वेळा दोन आठवड्यांनी फिल्टर साफ करायला सांगितलेलं असतं. सर्व्हिसिंगवाला तीन-चार महिन्यांतून एकदा येतो. घरच्या माणसाला प्रश्न पडतो तो या दोन्हींच्या मधला.

समजा, घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर घर आहे आणि समोर जुनी इमारत पाडून नवी बांधतायत. बेडरूमचा एसी रोज रात्री आठ तास चालतो, हॉलमधला पाहुणे आले तरच. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, पण दिवसभर उघड्या खिडकीतून आलेली सिमेंटची धूळ त्याच हवेत असते, शिवाय चादरी-उशांची कापसाची लव. त्यामुळे बेडरूमला पंधरवडाच हवा. हॉलला महिना चालेल, पण स्वयंपाकघर हॉललाच उघडत असेल तर मी महिन्यावर विसंबणार नाही. फोडणीचा धूर जाळीवर बसला की धूळ चिकट होते.

तारखेपेक्षा जाळी बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं. एसी बंद करा, मेन स्विचही बंद करा, पुढचं झाकण वर उचलून फिल्टर काढा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. बारीक भोकं स्वच्छ दिसली तर परत लावा. करडा थर दिसला तर साफ करायची वेळ झाली.

व्हॅक्यूम क्लीनर की पाणी? कोरड्या धुळीला व्हॅक्यूम पुरतो आणि वाळवण्याची कटकट नसते. चिकट थराला मात्र पाणीच लागतं. जाळीच्या मागच्या बाजूने नळ सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडते. समोरून पाणी मारलं तर ती भोकांत आणखी रुतते. तेलकटपणा असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि मऊ ब्रशने हलकेच घासा. पाणी कढत नको, जाळी वाकडी होते आणि खाचेत नीट बसत नाही. जाळीवर अडकवलेली छोटी कार्बनची पट्टी असेल तर आधी काढून ठेवा, ती सहसा धुवायची नसते.

मुंबईत खरी अडचण पावसाळ्यात येते. दमट हवेत जाळी लवकर वाळत नाही आणि ओली लावली तर कुबट वास येतो. म्हणून जून ते सप्टेंबर शक्य तिथे व्हॅक्यूमच वापरा. धुवावीच लागली तर सकाळी धुऊन पंख्याखाली ठेवा, म्हणजे रात्रीपर्यंत वाळते. बाकीच्या महिन्यांत सावली पुरते. कडक उन्हात प्लास्टिक वाकतं.

फिल्टर तुंबला की हवेचा झोत मंदावतो, कॉइल फार गार पडून तिच्यावर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून पाणी भिंतीवर येऊ शकतं. असा बर्फ दिसला तर कूलिंग बंद ठेवून तो पूर्ण वितळू द्या. स्वच्छ, कोरडी जाळी लावूनही झोत मंदच राहिला, तर धूळ आत कॉइलवर किंवा ब्लोअरच्या पात्यांवर बसलेली असू शकते. ते काम सर्व्हिसिंगवाल्याचं.