सप्लायरच्या कॉलवरून रिस्क लॉग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चाकणच्या एका कंपनीत मी खरेदी बघतो. कास्टिंग कोल्हापूरहून येतं, आमच्याकडे मशीनिंग होतं आणि पुढे असेंब्ली लाईनला जातं. माल लेट झाला की फोन करायचा, 'दोन दिवसांत पाठवतो' ऐकायचं आणि मीटिंगमध्ये तेच सांगायचं, असं वर्षानुवर्षं चालायचं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र असे कॉल रेकॉर्ड करतो आणि पुन्हा ऐकून एका गुगल शीटमध्ये रिस्क लॉग भरतो. त्या पद्धतीबद्दल हे लिहितोय.

आधी रेकॉर्डिंगचं. सप्लायरला सांगूनच करतो. गुगलचं फोन ॲप आणि आयफोन दोन्ही समोरच्याला तशी सूचना ऐकवतातच, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न येत नाही. सुरुवातीला काही जण बिचकले, 'रेकॉर्डिंग बंद करा, मग खरं सांगतो' असंही एकाने म्हटलं. अशा वेळी बंद करतो आणि त्यानंतर कळलेलं शीटमध्ये 'तोंडी, पक्कं करायचंय' असं लिहून ठेवतो.

पद्धतीचा खरा फायदा कळण्यासाठी जुलै 2025 मधला एक कॉल सांगतो. एका हाउसिंगच्या कास्टिंगचे 1,200 नग 4 जुलैला यायचे होते, आले 400. मंगळवारी 8 तारखेला फाउंड्रीच्या मालकांना फोन लावला. सुरुवातीलाच ते म्हणाले, "साहेब, दोन-तीन दिवस लाईटचा लई घोळ झाला बघा. सोमवारी गाडी टाकतो, काळजी नको." पूर्वी मी इथेच फोन ठेवला असता. रेकॉर्डिंग परत ऐकताना सातव्या मिनिटाला वेगळ्याच विषयाच्या ओघात एक वाक्य सापडलं: "कोअर बॉक्स दुरुस्तीला दिलाय, शुक्रवारी येतोय."

कोअर बॉक्स म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी लागणारे वाळूचे कोअर घडवायचा साचा. तो नसेल तर हे हाउसिंग ओतताच येत नाही. आता गणित बघा. शुक्रवार म्हणजे 11 जुलै. कोअर बॉक्स आला की शनिवारी कोअर मारायचे आणि सॅम्पल ओतायचं. ते गार होणार, मोडणार, मोजलं जाणार, म्हणजे सोमवार. मंजूर झालं तर मंगळवारी लॉट ओतणार, मग फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग. गाडी निघायला गुरुवार, 17 तारीख. थोडक्यात, सोमवारची गाडी त्यांच्याच दुसऱ्या वाक्याने रद्द केली होती. मुद्दाम खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल ते आधी बोलतो. पण लाईट गेली म्हणून माल अडकला असं धरून उपाय केले असते, तर ते सगळे वाया गेले असते, कारण लाईट तर आली होती.

म्हणून शीटमध्ये कारणाचे दोन रकाने आहेत: 'सांगितलेलं कारण' आणि 'कॉलमधून निघालेलं कारण', सोबत रेकॉर्डिंगमधलं मिनिट. तारखांचे तीन रकाने आहेत: गाडी निघण्याची, आमच्या गेटवर येण्याची आणि माल लाईनला वापरता येण्याची. सप्लायर नेहमी पहिली बोलतो, प्लॅनिंगवाल्याला तिसरी हवी असते. 'शुक्रवारी', 'आठवडाभरात' असले शब्द कॉलच्या तारखेवरून मोजून कॅलेंडरच्या तारखेत लिहायचे. आणि तारीख बदलली की जुनी खोडायची नाही, खाली नवी ओळ घालायची. शब्द किती वेळा फिरला हे त्याशिवाय दिसत नाही.

आधी मी बाकीच्यांसारखे धोक्याला 1 ते 5 गुण देत होतो. ते सोडलं. प्रत्येक जण 4 द्यायचा. त्याऐवजी साठा कधी संपणार तेवढंच काढतो. तयार आणि मशीनिंगमधले मिळून 1,200 नग होते, रोजचा खप 120, रविवार सुट्टी:

```
=WORKDAY.INTL(B2, INT(C2/D2), 11)
```

B2 मध्ये कॉलची तारीख, C2 मध्ये साठा, D2 मध्ये रोजचा खप. 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. उत्तर आलं 19 जुलै. माल 17 ला निघून 18 ला सकाळी आला, तपासणी झाली आणि मशीनिंगला दोन दिवस लागले, तर पहिला तयार नग सोमवारी संध्याकाळी मिळणार. म्हणजे 21 तारखेला लाईन उभी. लॉगमधलं वाक्य असं झालं: कोअर बॉक्स 11 ला आला तरी 21 जुलैला लाईन एक दिवस थांबू शकते, पुढे जितका उशीर होईल तितके दिवस वाढतील. 'डिलिव्हरीला विलंब होण्याची शक्यता' असल्या वाक्यापेक्षा हे वाचून माणसं हलतात.

उपायांच्या रकान्यात पूर्वी सगळीकडे 'दुसरा सप्लायर शोधणे' असायचं. ते आता लिहू देत नाही. नव्या फाउंड्रीला पॅटर्न लागतो, सॅम्पल लागतात, ग्राहकाची मंजुरी लागते. दहा दिवसांत यातलं काहीच होत नाही. या वेळी लिहिलं ते असं: आमचा क्वालिटीचा माणूस शनिवारी कोल्हापूरला जाईल आणि सॅम्पल तिथेच मोजेल, म्हणजे सोमवार वाचेल. पूर्ण लॉटची वाट न बघता पहिले साडेतीनशे नग छोट्या टेम्पोने येतील. आणि एक इशारा: शुक्रवारी पाचपर्यंत कोअर बॉक्सचा फोटो आला नाही, तर ग्राहकाच्या प्लॅनिंगला त्याच संध्याकाळी कळवायचं. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव. विभागाचं नाव लिहिलं की काम कुणाचंच राहत नाही.

फोटो आला नाही. कोअर बॉक्स शनिवारी दुपारी आला. पण ग्राहकाला आधीच कळवलेलं होतं आणि आमचा माणूस वाटेवर होता. सॅम्पल रविवारी संध्याकाळी पास झालं, टेम्पो 17 ला सकाळी गेटवर लागला, लाईन थांबली नाही.

कटकटीही आहेत. वीस मिनिटांचा कॉल ऐकून लिहायला तासभर जातो, म्हणून मी फक्त ज्यांचा साठा दोन आठवड्यांहून कमी आहे त्यांचेच कॉल असे करतो. फाउंड्रीच्या शेडमधून बोलणाऱ्याचा आवाज शॉट ब्लास्टच्या खडखडाटात बुडतो. 'तीनशे' आणि 'तेराशे' यात घोळ होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे कॉल झाल्यावर तारखा आणि नग व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि 'बरोबर ना?' विचारायचं. 'हो' आलं की शीटमध्ये 'लेखी' अशी खूण. कधीकधी तिथेच उत्तर येतं, 'सोमवार नाही, बुधवार धरा', आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरतं.

काही महिन्यांच्या नोंदी कारणाप्रमाणे लावल्या तेव्हा दिसलं, की या हाउसिंगच्या बहुतेक उशिरांमागे तोच कोअर बॉक्स होता. दरवेळी वर दिलेलं कारण निराळं: लाईट, कामगार, पावसाने ओली झालेली वाळू. टूलिंग आमच्याच मालकीचं, त्यामुळे दुसरा कोअर बॉक्स करायचा खर्चही आमचाच. आधी दोनदा फेटाळलेला हा प्रस्ताव त्या ओळी आणि मिनिटं दाखवल्यावर मंजूर झाला. नवा बॉक्स सध्या पॅटर्न शॉपमध्ये आहे, आणि त्याच्याही तारखेची एक ओळ लॉगमध्ये आहेच.