सही नाकारली तर काय कराल? तज्ज्ञ, ओळखीचा साक्षीदार आणि न्यायाधीशांची स्वतःची तुलना

एक प्रकरण गृहीत धरू. ऑगस्ट 2022 मध्ये एकाने दुसऱ्याला 3,00,000 रुपये हातउसने दिले आणि वचनचिठ्ठी लिहून घेतली. जून 2025 मध्ये दावा लागला, तेव्हा प्रतिवादीने सांगितले, ‘सही माझी नाही.’ आता सही त्याचीच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वादीची. ते एकदा झाले की पैसे दिल्याबद्दलचे गृहीतक कायदाच त्याच्या बाजूने धरतो. म्हणून सगळी लढाई त्या सहीवर येऊन थांबते.

वादीपुढचे पहिले साधन म्हणजे ज्यांच्यासमोर सही झाली ते लोक, म्हणजे चिठ्ठी लिहिणारा आणि जवळ बसलेला माणूस. हा प्रत्यक्ष पुरावा आहे, तो मताचा पुरावा नाही. असा साक्षीदार उलटतपासणीत टिकला, तर पुढच्या साधनांची गरज बरीच कमी होते. 2019 च्या चेन्नादी जलपती रेड्डी प्रकरणात सह्या जुळत नाहीत असे तज्ज्ञाचे मत होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने करार लिहिणाऱ्याच्या आणि साक्षीदाराच्या जबानीला जास्त वजन दिले आणि उच्च न्यायालयाने तज्ज्ञाच्या मतावर नको तेवढा भर दिल्याचे म्हटले.

असा माणूस नसेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 41 खाली अक्षर ओळखणारा बोलावता येतो. त्याने त्या व्यक्तीला लिहिताना पाहिलेले असावे, तिच्याशी पत्रव्यवहार केलेला असावा किंवा कामाच्या ओघात तिचे कागद त्याच्यासमोर नेहमी येत असावेत. पतसंस्थेत वर्षानुवर्षे त्याच सभासदाचे कागद तपासणारा लिपिक यासाठी चांगला. ‘एकदा लग्नात सही पाहिली होती’ म्हणणारा नातेवाईक मात्र दोन प्रश्नांत कोसळतो. हे साधन स्वस्त आहे आणि लवकर हाती येते, पण त्याचा कस साक्षीदाराच्या ओळखीइतकाच.

तज्ज्ञाचे मत कलम 39 खाली येते आणि बहुतेक पक्षकारांची भिस्त त्यावरच असते. न्यायालयांची भूमिका इथे नीट समजून घ्यावी. शशी कुमार बॅनर्जी प्रकरणात (1964) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत मुख्य पुराव्याची जागा क्वचितच घेऊ शकते. पुढे मुरारीलाल प्रकरणात (1980) त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की दुजोऱ्याशिवाय असे मत मानूच नये असा कोणताही नियम नाही. सावधगिरी हवी, कारणे तपासली पाहिजेत आणि ती पटणारी असतील तर मत स्वीकारता येते. माझ्या मते वकिलांनी आपल्या पक्षकाराला ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगायला हवीत, कारण एकेकटे सांगितले तर दोन्ही दिशाभूल करतात.

म्हणून अहवालातल्या निष्कर्षापेक्षा त्याची कारणे महत्त्वाची. मूळ कागद असेल तर तज्ज्ञ रेघेचा वेग, दाब, पेन कुठे उचलले, अक्षरांचे वळण आणि जोड पाहतो. गिरवलेल्या सहीची रेघ बहुधा संथ, थरथरती आणि मध्येच थांबलेली असते. झेरॉक्सवर दाब आणि वेग नीट दिसतच नाहीत, त्यामुळे झेरॉक्सवरचे मत बरेच कमकुवत. नमुने 2022 च्या आसपासचे हवेत: बँकेचे धनादेश, नोंदणीकृत दस्त, नोकरीतली कागदपत्रे. दावा लागल्यानंतर वकीलपत्रावर केलेली सही मुद्दाम बदललेली असू शकते, म्हणून नमुना म्हणून ती घेणे धोक्याचे. एकाच माणसाच्या दोन सह्याही अगदी सारख्या नसतात, त्यामुळे नमुने पाचसहा तरी असावेत. मोठी केलेली छायाचित्रे आणि मुद्देसूद कारणे नसलेला अहवाल उलटतपासणीत फार वेळ टिकत नाही.

चौथे साधन कलम 72 चे: न्यायाधीश स्वतः वादग्रस्त सही आणि कबूल सही समोरासमोर ठेवून पाहू शकतात. न्यायालयात हजर असलेल्या व्यक्तीला लिहायलाही सांगू शकतात. अधिकार आहे, पण तो जपून वापरावा असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 च्या पाली राम प्रकरणात सांगितले. उघड्या डोळ्यांनी, भिंगाशिवाय केलेली तुलना एवढाच आधार असेल, तर अपिलात निकाल डळमळतो. अन्य पुराव्याची खात्री करून घेण्यासाठी मात्र तिचा उपयोग होतो.

आपल्या प्रकरणात मी चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधी उभे करीन. मूळ चिठ्ठी आणि 2022 चे धनादेश हाती असतील तरच तज्ज्ञासाठी अर्ज करीन, कारण त्याचा खर्च आणि लागणारा वेळ तेव्हाच भरून निघतो. साक्षीदार हयात नसतील, तर हा क्रम उलटतो: तज्ज्ञच मुख्य होतो आणि पतसंस्थेचा लिपिक त्याला दुजोरा देतो.

मृत्युपत्राला मात्र ही निवड लागू होत नाही. तिथे साक्षांकन करणाऱ्यांपैकी एक जण हयात असेल आणि न्यायालयात येऊ शकत असेल, तर कलम 67 प्रमाणे त्याला तपासावेच लागते. तज्ज्ञाचा कितीही चोख अहवाल त्याची जागा घेत नाही.