वरचे सात शब्द: वर्डच्या शब्दमोजणीबरोबर आठ महिने

मुलगी नववीला आहे, बेळगावात मराठी माध्यमात. इथल्या निबंधस्पर्धांत हल्ली 'नेमके 300 शब्द' अशी अट असते. 'सुमारे' नाही, नेमके. त्यामुळे गेले आठ महिने आमच्या घरी निबंध आधी वर्डमध्ये उतरतो, मोजून होतो आणि मग कागदावर जातो.

त्याआधी इंटरनेटवरचा एक फुकटचा शब्दमोजक वापरायचो. तो 'घर' हा एक शब्द धरायचा आणि 'पाणी' दोन. मला वाटलं, पोरीनेच मध्ये स्पेस सोडली असेल. नंतर कळलं, काही मोजक कान्यावेलांटीला अक्षरच मानत नाहीत, तिथे शब्द तोडतात. तुमच्या मोजकाची परीक्षा घ्यायची तर फक्त 'पाणी' लिहून बघा. वर्ड दोन स्पेसमधलं सगळं एक शब्द धरतो, मराठीला ते बरोबर बसतं.

मोजताना शीर्षक, नाव, इयत्ता सोडून फक्त मजकूर सिलेक्ट करायचा. खालच्या पट्टीत `307 of 316 words` असं काही दिसतं, त्यातला पहिला आकडा आपला. सविस्तर खिडकी हवी तर `Ctrl+Shift+G`.

हे 307 खरेच होते. विषय पावसाचा, आणि गाव माझं माहेर, खानापूर तालुक्यातलं. सात शब्द वर. एवढ्याशासाठी अख्खं वाक्य उडवलं की हमखास तीनचार शब्द कमी पडतात आणि मग भरताड सुरू होते. पहिल्या महिन्यात आम्ही तेच केलं. आता एकेक शब्द सुटा काढतो.

आधी खोटे शब्द. 'मलप्रभा - कणकुंबीला उगम पावणारी नदी - दुथडी भरून वाहते.' इथे दोन्ही बाजूंना स्पेस असलेली रेघ वर्ड शब्द म्हणून मोजतो. रेघांच्या जागी स्वल्पविराम दिले, दोन गेले. हे खरं तर कापणं नव्हे. परीक्षक बोटाने मोजणार, तो रेघ मोजणार नाही.

मग 'घरा समोर'. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं, म्हणून 'घरासमोर', एक गेला. 'हळू हळू', 'अधून मधून' हेही असेच सापडतात. पण मोह आवरा. पोरगी 'माझेघर' करायला निघाली होती, ती चोरी झाली.

सगळ्यात मजा क्रियापदात. 'आजी विहिरीवर पाणी आणायला जात असे' हे सहा शब्द. 'जात असे'चं 'जाई' केलं की पाच. 'पाणी आणायला'च्या जागी आपलं घरातलं 'पाण्याला' आलं की चार: 'आजी विहिरीवर पाण्याला जाई.' वाक्य उलट जास्त आजीचं झालं. पण हे रूप सगळीकडे चालत नाही. 'आणत असे'चं 'आणी' केलं तर वाचणाऱ्याला 'आणि' चुकल्यासारखं वाटतं. आणि सगळ्या निबंधात जाई-येई-करी सुरू झालं की जुन्या पुस्तकाचा वास येतो. दोनतीन ठिकाणी पुरे.

शेजारच्या काकूंची मुलगी त्याच विषयावर कन्नडमधून लिहीत होती. तिचं 'होगुत्तिद्दळु' म्हणजे आपलं 'जात असे', आणि ते मुळातच एक शब्द. पोरीला हा अन्याय अजून पचलेला नाही.

पाच गेले, दोन उरले. 'जर पाऊस लांबला तर रोपं पिवळी पडत' मधला 'जर' काढला, 'तर' त्याचं काम करतो. उलट करू नका, 'तर' काढलं की वाक्य लंगडतं. शेवटचा एक मात्र अर्धा तास अडला. मी म्हटलं, 'लाल चिखलात' मधला 'लाल' काढ. ती म्हणाली, "आई, मग तो कुठलाही चिखल होईल." बरोबर होतं तिचं. अखेर 'आम्ही सगळी भावंडं मिळून' मधलं 'मिळून' गेलं. 'सगळी' म्हटल्यावर त्याची गरज नव्हती. असा बिनकामाचा शब्द शोधायला वर्ड काही मदत करत नाही, मोठ्याने वाचावं लागतं. वाचताना जीभ ज्याच्यावरून घसरून जाते तो काढायचा.

तक्रार एवढीच की मोजणी पडद्यावर राहते, निबंध कागदावर जातो. सुवाच्य प्रत लिहिताना ओळ संपली आणि पोरीने 'घरा' इकडे, 'समोर' खालच्या ओळीवर लिहिलं. संयोगचिन्ह विसरली. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा 301. शेवटी पेनानेच एक बारीक रेघ ओढली. या रेघेला अलीकडे स्पेस नाही, पलीकडेही नाही.